“सो डू आय” की “नायदर डू आय”? संवाद पूर्ण करताना छोटी उत्तरं कशी निवडायची



आजचा पाठ इंग्रजीतल्या तीन शब्दांच्या उत्तरांचा आहे. समोरचा काहीतरी सांगतो आणि आपण “मी पण”, “मलाही”, “माझंही नाही” असं म्हणतो ना, तीच ही उत्तरं. संवाद पूर्ण करा या प्रश्नात ती हमखास येतात. मुलं ती पाठ करतात आणि तरीही चुकतात. का चुकतात ते मला एका मधल्या सुट्टीत कळलं, म्हणून आधी तो प्रसंग सांगते.

एका वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात बंगळुरूहून एक मुलगी आली. वडिलांची बदली झाली होती. तिला मराठी येत नव्हतं, त्यामुळे शेजारी बसणारी मुलगी तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायची. ही शेजारीणसुद्धा त्याच वर्षी गावाकडून आमच्या शाळेत आलेली. तिचंही अजून कुणाशी जमलं नव्हतं. डबा खाताना नवी मुलगी हळूच म्हणाली, “आय डोन्ट हॅव एनी फ्रेंड्स हिअर.” शेजारणीने अगदी मनापासून लगेच उत्तर दिलं, “यस, आय डू.” नवी मुलगी गप्प झाली. थोड्या वेळाने डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

मी शेजारणीला बाजूला घेऊन विचारलं, “तू काय म्हणालीस तिला?” ती म्हणाली, “बाई, मी म्हटलं, हो, मला पण नाहीत.”

तिला म्हणायचं होतं “मलाही मैत्रिणी नाहीत.” इंग्रजीत ऐकू गेलं “मला आहेत.” एकही शब्द कठीण नव्हता, उच्चार स्वच्छ होता, तरी अर्थ नेमका उलटा झाला. बरोबर उत्तर होतं, “नायदर डू आय.” तेवढे तीन शब्द आले असते, तर त्या दोघी त्याच बाकावर राहिल्या असत्या.

(या लेखात इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ज्या पालकांना इंग्रजी वाचायची सवय नाही, त्यांनाही ती मुलांसमोर मोठ्याने वाचता यावीत.)

मराठीत आपण काय करतो, ते आधी पाहू

हा पाठ मी फळ्यावर मराठी वाक्यांनीच सुरू करते. मी एक वाक्य म्हणते आणि मुलांनी “पण” किंवा “ही” लावून उत्तर द्यायचं.

“मला आंबा आवडतो.” — “मलाही.”
“माझं डोकं दुखतंय.” — “माझंही.”
“मी जेवलो.” — “मीही.”
“माझ्याकडे सायकल आहे.” — “माझ्याकडेही.”

गावाकडची मुलं “मला बी” म्हणतील, विदर्भातली “मले बी” म्हणतील, ते सगळं चालतं. पण एक गोष्ट बघा. “मला भूक लागलीय” या वाक्याला एकही मूल “मीही” असं उत्तर देत नाही. “मलाही” असंच देतं. “माझं डोकं दुखतंय” याला कुणी “मलाही” म्हणत नाही. म्हणजे उत्तर देताना आपण समोरच्याच्या वाक्यातून एक तुकडा उचलतो. मराठीत तो तुकडा म्हणजे कर्त्याच्या जागी असलेल्या शब्दाची विभक्ती. त्याने “मला” म्हटलं की आपण “मला”, त्याने “माझं” म्हटलं की आपण “माझं”. हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी पहिलीचं मूलसुद्धा यात चुकत नाही.

इंग्रजीतही समोरच्याच्या वाक्यातून तुकडा उचलावाच लागतो. फक्त तो तुकडा वेगळा आहे. तिथे कर्ता सगळीकडे “आय”च असतो, म्हणून त्यातून काही कळत नाही. इंग्रजी उचलते सहायक क्रियापद.

“आय ॲम हंग्री.” — “सो ॲम आय.”
“आय कॅन स्विम.” — “सो कॅन आय.”
“आय हॅव फिनिश्ड.” — “सो हॅव आय.”

मुलांना इतकंच सांगा: मराठीत आपण “मला–मी–माझं” जुळवतो, इंग्रजीत “ॲम–कॅन–हॅव” जुळवायचं. जुळवण्याची सवय त्यांना आहेच, नवीन काही शिकवायचं नाही. कुठे बघायचं ते दाखवायचं आहे.

दुसरा फरक नकाराचा. “मला कारलं आवडत नाही” याला आपण “मलाही नाही” म्हणतो, किंवा नुसतं “मलाही” म्हटलं तरी भागतं. होकार असो वा नकार, “ही” तोच राहतो. इंग्रजीत मात्र शब्दच बदलतो. होकाराला “सो”, नकाराला “नायदर”. आणि “नायदर”च्या पोटातच “नाही” बसलेलं आहे, म्हणून पुढे पुन्हा “नॉट” किंवा “डोन्ट” येत नाही. “नायदर डोन्ट आय” हे चूक, “नायदर डू आय” हे बरोबर. (“नीदर” असा उच्चारही तितकाच बरोबर आहे. मुलाने तसा केला तर अडवू नका.)

तिसरा फरक “हो”चा, आणि माझ्या विद्यार्थिनीची खरी गफलत इथे झाली. “तू काल आला नव्हतास ना?” याला मराठीत “हो, नव्हतो आलो” असं म्हणता येतं. आपला “हो” समोरच्याच्या म्हणण्याला असतो: तू म्हणतोस ते खरं. इंग्रजीतला “यस” तसा नाही. “यस”च्या मागे होकारीच वाक्य येतं. म्हणून “हो, मला पण” हे तिच्या डोक्यात “यस, आय डू” झालं आणि अर्थ पालटला. नकारी वाक्याशी सहमत होताना सुरुवातीला “यस” घ्यायचाच नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

चार प्रश्न, याच क्रमाने

संवाद पूर्ण करताना मी मुलांना चार प्रश्न स्वतःला विचारायला लावते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि पहिला विसरतात.

पहिला प्रश्न: बोलणारा सहमत आहे की नाही? याचं उत्तर वरच्या ओळीत कधीच नसतं. “आय लाइक टी” या वाक्यावर कुणी “सो डू आय” म्हणेल, कुणी “आय डोन्ट” म्हणेल. दोन्ही व्याकरणाने शुद्ध. कोणतं हवं ते रिकाम्या जागेच्या पुढचं वाक्य ठरवतं. पुढे “आय ड्रिंक थ्री कप्स अ डे” असेल तर सहमती, “आय ड्रिंक ओन्ली मिल्क” असेल तर असहमती. रिकाम्या जागेच्या आधी “रिअली?” किंवा “ओह” असेल तर बहुधा असहमती. म्हणून मुलांना सांगा, गाळलेल्या जागेशी पेन्सिल थांबवायची नाही, पुढची ओळ वाचून मगच परत यायचं.

दुसरा प्रश्न: वरच्या वाक्यातलं सहायक क्रियापद कोणतं? “ॲम”, “इज”, “वॉज”, “कॅन”, “विल” असे शब्द दिसत असतील तर काम सोपं. अडचण येते ती “आय लाइक”, “शी वेन्ट” अशा वाक्यांत, जिथे सहायक क्रियापद दिसतच नाही. इथे एक खात्रीचा उपाय आहे. त्या वाक्याचा प्रश्न करायचा. “आय लाइक टी”चा प्रश्न होतो “डू यू लाइक टी?” प्रश्नाच्या तोंडाशी “डू” आला, तोच आपला शब्द. “शी वेन्ट होम”चा प्रश्न “डिड शी गो होम?” म्हणजे “डिड”. लपलेलं सहायक क्रियापद प्रश्न करताच पुढे येऊन उभं राहतं. मुलांना प्रश्न करायला आधीच शिकवलेलं असतं, त्यामुळे नवा नियम द्यावा लागत नाही.

तिसरा प्रश्न: वरचं वाक्य होकारी की नकारी? “नॉट” असेल किंवा “डोन्ट”, “कान्ट”, “हॅवन्ट” यांसारखं रूप असेल तर नकारी. पण “नेव्हर” असलेलं वाक्यही नकारीच धरायचं. “आय नेव्हर ड्रिंक कॉफी” याला उत्तर “नायदर डू आय”. उलट “आय हेट कॉफी” हे भावनेने नकारी वाटलं तरी रचनेने होकारी आहे, कारण त्यात “नॉट” नाही की “नेव्हर” नाही. त्याला सहमती “सो डू आय”. इथे मुलांना भाव नाही, शब्द बघायला सांगा.

चौथा प्रश्न: उत्तरात कर्ता कोण आहे? नेहमी “आय”च असेल असं नाही. “आय लाइक मॅथ्स” याला “माझ्या भावालाही” असं म्हणायचं असेल तर “सो डझ माय ब्रदर”. “आय ॲम टायर्ड” याला “सो इज माय मदर”. म्हणजे सहायक क्रियापदाचं कूळ आणि काळ वरच्या वाक्यातून घ्यायचा, पण त्याचं रूप खालच्या कर्त्याप्रमाणे करायचं. “डू” आणि “डझ” एकाच कुळातले, “ॲम”, “इज”, “आर” एकाच कुळातले.

चारही उत्तरं मिळाली की रचना ठरलेली आहे. सहमत असू तर “सो” किंवा “नायदर”, मग सहायक क्रियापद, मग कर्ता. असहमत असू तर “सो” नाही, “नायदर” नाही. कर्ता आधी, सहायक क्रियापद नंतर, आणि होकाराचा नकार, नकाराचा होकार:

“आय लाइक टी.” — “आय डोन्ट.”
“आय डोन्ट लाइक टी.” — “आय डू.”

दुसरी जोडी नीट बघा. आमच्या शेजारणीचं “आय डू” इथलंच आहे. नकारी वाक्यावर “आय डू” म्हणणं म्हणजे “तुझं तसं असेल, माझं तसं नाही.” असहमतीत “आय” या शब्दावर जोर येतो, म्हणून ते ऐकायला आणखी ठाम वाटतं.

एक संवाद सोडवून पाहू

खालचा संवाद मी वर्गासाठी तयार केला आहे. रिया आणि समीर शाळेच्या व्हरांड्यात बोलत आहेत.

१. रिया: आय ॲम व्हेरी टायर्ड टुडे.
समीर: ______. आय वेन्ट टु बेड ॲट ट्वेल्व्ह.

२. रिया: आय स्टडीड सायन्स लास्ट नाइट.
समीर: ______. आय रेड द चॅप्टर ऑन लाइट.

३. रिया: बट आय डिडन्ट अंडरस्टँड द लास्ट पेज.
समीर: ______. लेट्स आस्क द टीचर.

४. समीर: आय हॅवन्ट फिनिश्ड माय मॅप.
रिया: रिअली? ______. यू कॅन लुक ॲट माइन.

५. रिया: आय हॅव अ टेस्ट ऑन मंडे.
समीर: ______. अवर क्लास हॅज इट ऑन द सेम डे.

६. समीर: आय लाइक मॅथ्स.
रिया: ______ माय ब्रदर. बट आय ______. इट गिव्ज मी अ हेडेक.

पहिली ओळ. समीर रात्री बाराला झोपला, म्हणजे तोही दमलेला. सहमती. वर “ॲम” आहे, वाक्य होकारी. उत्तर: “सो ॲम आय.” इथे बरीच मुलं सवयीने “सो डू आय” लिहितात. त्यांना उत्तर पूर्ण करून बघायला सांगा: “आय डू टायर्ड” असं म्हणतो का आपण? नाही. मग “डू” नाही.

दुसरी ओळ. समीरनेही धडा वाचला, सहमती. “आय स्टडीड”चा प्रश्न “डिड यू स्टडी?” म्हणून “सो डिड आय.” “सो डू आय” लिहिलं तर काळ चुकला.

तिसरी ओळ. “चल, सरांना विचारू” असं समीर म्हणतोय, म्हणजे त्यालाही कळलेलं नाही. सहमती, पण नकारी वाक्याशी. “डिडन्ट”मधला “डिड” घ्यायचा, नकार “नायदर”ने सांभाळायचा. उत्तर: “नायदर डिड आय.”

चौथी ओळ सगळ्यात जास्त चुकते. वर नकार दिसला की मुलं “नायदर हॅव आय” लिहून मोकळी होतात. पण पुढे रिया म्हणते, माझा नकाशा बघ. तिचा झालेला आहे! शिवाय आधी “रिअली?” आहे. म्हणजे असहमती, आणि नकाराचा होकार करायचा: “आय हॅव.” ज्याने “नायदर हॅव आय” लिहिलं त्याला व्याकरण येतं, पण त्याने पुढची ओळ वाचली नाही. ही चूक वेगळी आहे आणि तिचा उपायही वेगळा आहे. त्याला नियम पुन्हा समजावू नका, संवाद शेवटपर्यंत वाचून घ्या.

पाचवी ओळ. “हॅव” दिसला म्हणून “सो हॅव आय” लिहायचा मोह होतो. पण चौथ्या ओळीतला “हॅव” आणि हा “हॅव” एक नाहीत. चौथ्यात तो “फिनिश्ड”ला मदत करत होता. इथे तो एकटाच आहे आणि त्याचा अर्थ “आहे, असणे” असा आहे, म्हणजे इथे तो मुख्य क्रियापद. प्रश्न करून बघा: “डू यू हॅव अ टेस्ट?” तोंडाशी “डू”. उत्तर: “सो डू आय.” आता शिक्षकांसाठी एक सूचना. जुन्या ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत अशा वाक्याला “सो हॅव आय” हेही उत्तर चालतं, आणि जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतून शिकलेले पालक घरी तसं सांगू शकतात. त्याला सरसकट चूक ठरवू नका. पण मुलांना एकच रीत शिकवायची तर “डू”ची शिकवा, ती आज सगळीकडे चालते.

सहावी ओळ. गणिताने रियाचं डोकं दुखतं, पण वाक्यात आधी भाऊ आहे, मग “बट”. म्हणजे भाऊ सहमत, ती असहमत. भाऊ एकटा, म्हणून “डू”चं “डझ”: “सो डझ माय ब्रदर.” दुसरी जागा: “बट आय डोन्ट.”

नेहमीच्या चुका आणि त्या कशा ओळखायच्या

मुलाने “सो आय डू” लिहिलं तर क्रम उलटा झाला आहे. पण “सो आय डू” ही रचना इंग्रजीत अजिबात नाही असं सांगू नका. ती आहे, तिचा अर्थ वेगळा आहे. समजा मी म्हटलं, “यू हॅव चॉक ऑन युवर नोज.” तू आरशात बघून म्हणालास, “सो आय हॅव!” म्हणजे “अरे, खरंच की!” तिथे “मी पण” असा अर्थच नाही. हे उदाहरण वर्गात नाकाला खडू लावून करून दाखवा, क्रमाचा फरक मुलं विसरत नाहीत.

“मी टू” हे मुलांचं आवडतं उत्तर. बोलताना ते चालतं, पण फक्त होकारी वाक्याला. “आय डोन्ट लाइक रेन” याला “मी टू” नाही, “मी नायदर”. “टू” शब्दाला नकार सोसत नाही, म्हणून “आय डोन्ट लाइक इट टू” हेही चूक. तिथे “आयदर” लागतो: “आय डोन्ट लाइक इट आयदर.” संवादात रिकाम्या जागेला तीन शब्दांची जागा असेल किंवा “सो” आधीच छापलेला असेल, तर “मी टू” लिहून चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

तिसरी चूक कानाची आहे. “आयड लाइक सम वॉटर” हे पटकन बोललं की “आय लाइक सम वॉटर” असं ऐकू येतं. पहिल्याचा अर्थ “मला थोडं पाणी हवंय”, आणि त्यातला तो छोटासा “ड” म्हणजे “वुड”. म्हणून उत्तर “सो वुड आय”. छापील संवादात हा “ड” कर्त्याला चिकटलेल्या एका अक्षराएवढाच असतो, आणि मुलांची नजर त्यावरून घसरते. तिथेही प्रश्न कामी येतो: “वुड यू लाइक सम वॉटर?”

चौथी चूक लिहिण्याची. होकारी छोट्या उत्तरात शब्द आखडता येत नाहीत. “आय ॲम नॉट टायर्ड” याला असहमती “आय ॲम” अशी पूर्ण लिहायची. “आयम” एवढंच लिहून थांबता येत नाही, कारण उत्तराचा सगळा भार त्या “ॲम”वरच असतो.

वही तपासताना मी चुकीवर नुसती फुली मारत नाही. तिच्याशेजारी एक आकडा लिहिते, १ ते ४. वरच्या चार प्रश्नांपैकी कुठला चुकला ते त्या आकड्यावरून मुलाला कळतं. एखाद्या वहीत सगळे ‘२’ दिसले तर त्या मुलाला प्रश्न करायचा सराव हवा. सगळे ‘१’ दिसले तर व्याकरण ठीक आहे, वाचन घाईत होतंय. पुढच्या तासाला काय घ्यायचं तेही मग आपोआप ठरतं.

घरी आणि वर्गात सराव

पुस्तकातल्या सरावात मूल बहुतेक वेळा सहमतच होत असतं. परिणाम असा की तोंडात “सो डू आय” बसतं आणि कुठल्याही वाक्याला तेच बाहेर पडतं. म्हणून माझ्या सरावाला एकच अट आहे: उत्तर खरं असलं पाहिजे.

पालकांनी जेवताना एक वाक्य आधी मराठीत म्हणायचं. “मला दोडक्याची भाजी आवडत नाही.” मुलाने मराठीत खरं उत्तर द्यायचं, “मलाही नाही” किंवा “मला आवडते.” मग तेच इंग्रजीत: “नायदर डू आय” किंवा “आय डू.” मराठीतलं उत्तर आधी आल्यामुळे काय म्हणायचंय ते पक्कं असतं, आणि इंग्रजी उलटं गेलं तर मुलाला स्वतःलाच खटकतं. पाच वाक्यं पुरेत. एक नकारी, एक भूतकाळातलं, एक “कॅन”चं आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दलचं असेल एवढं बघा.

वर्गात हेच चिठ्ठ्यांनी करता येतं. प्रत्येकाने स्वतःबद्दल एक खरं वाक्य लिहायचं, नाव न घालता. चिठ्ठी वाचली की तीन मुलांनी खरी उत्तरं द्यायची. त्या बंगळुरूच्या मुलीच्या वर्षी मी हा खेळ पहिल्यांदा घेतला. एका चिठ्ठीत होतं, “आय मिस माय ओल्ड स्कूल.” कुणाची ते मी विचारलं नाही. शेजारीण उभी राहिली, जरा थांबली, मनात प्रश्न करून बघत असावी, आणि म्हणाली, “सो डू आय.” चिठ्ठी लिहिणारी मागे वळून तिच्याकडे बघत होती.

शेवटी सरावासाठी पाच जागा देते. आधी पुढचं वाक्य वाचा, मग वर या.

१. “माय ग्रँडमदर कॅन स्विम.” — “______ माय अंकल. ही लर्न्ट इन द रिव्हर.”
२. “आय वॉजन्ट इन स्कूल यस्टरडे.” — “______. आय हॅड फीव्हर.”
३. “आय हॅव टु कॅच द बस ॲट सिक्स.” — “______. शॅल वी गो टुगेदर?”
४. “आय हेट लाउड म्युझिक.” — “______. आय डान्स टु इट एव्हरी डे.”
५. “आय हॅवन्ट सीन द सी.” — “______. वी वेन्ट टु अलिबाग लास्ट मे.”

उत्तरं: १. सो कॅन. २. नायदर वॉज आय. ३. सो डू आय (प्रश्न करा: “डू यू हॅव टु कॅच?”). ४. आय डोन्ट (“हेट” रचनेने होकारी, म्हणून असहमतीत नकार). ५. आय हॅव.

तिसरं आणि चौथं दोन्ही बरोबर आलं असेल, तर तुमच्या मुलाला हा पाठ समजला असं धरायला हरकत नाही.